पुसट घातांक आणि आंशिक अपूर्णांक

बारावीची परीक्षा जवळ आली की बीड जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या गणित शिक्षकांकडे मोबाइलवर उदाहरणांची छायाचित्रे येऊ लागतात. नेकनूर, कडा किंवा सिरसाळा यांसारख्या गावांतील विद्यार्थ्याला अडलेले उदाहरण लगेच दाखवण्याचा हाच मार्ग सोयीचा पडतो. या छायाचित्रांत अक्षरे बहुधा वाचता येतात, पण कंसाबाहेरचा लहानसा घातांक पुसट होतो किंवा वहीच्या घडीत जातो. परिमेय फलाच्या, म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागून मिळणाऱ्या फलाच्या, संकलनात हा घातांकच रीत ठरवत असल्याने त्याचा विचार पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच व्हायला हवा.

पुढील उदाहरण पाहावे.

∫ (x² + 2) / [(x − 1)(x + 2)²] dx

येथे अंशाची कोटी, म्हणजे x चा सर्वांत मोठा घातांक, 2 आहे आणि छेदाची 3 आहे; म्हणून भागाकार न करता थेट आंशिक अपूर्णांक मांडता येतात, म्हणजे मूळ अपूर्णांक सोप्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज म्हणून लिहिता येतो. (x + 2) हा अवयव दोनदा आलेला असल्याने त्याच्यासाठी दोन पदे लागतात.

A/(x − 1) + B/(x + 2) + C/(x + 2)²

छेदातील अवयव झाकून किंमत ठेवण्याची रीत, जी ऑलिव्हर हेविसाइड यांच्या नावाने ओळखली जाते, वापरली की x = 1 ठेवून A = 1/3 आणि x = −2 ठेवून C = −2 मिळते. B मात्र या रीतीने मिळत नाही; दोन्ही बाजूंना छेदाने गुणून x² चे सहगुणक ताडून पाहिले की A + B = 1, म्हणून B = 2/3 येतो. त्यामुळे उत्तर असे होते:

(1/3) log|x − 1| + (2/3) log|x + 2| + 2/(x + 2) + c

आता छायाचित्रात कंसावरचा वर्ग दिसला नाही असे समजावे. छेद (x − 1)(x + 2) उरतो, अंश आणि छेद यांची कोटी सारखी होते आणि आधी भागाकार करणे भाग पडते. घाईत तो राहून गेला, तर झाकण्याच्या रीतीने 1/(x − 1) − 2/(x + 2) असे नीटनेटके रूप मिळते आणि त्यात कोठेही खटकत नाही. वर्ग दिसूनही B चे पद मांडायचे राहिले, तर A आणि C पूर्वीइतकेच बरोबर निघतात. दोन्ही चुका विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटतात, याचे कारण एकच आहे. पहिल्या चुकीत खरा अंश आणि मांडलेला अंश यांतला फरक (x − 1)(x + 2) एवढा असतो, दुसऱ्या चुकीत त्याच्या 2/3 पट; आणि हा फरक नेमका x = 1 व x = −2 या किमतींना शून्य होतो. म्हणजे ज्या किमती ठेवून स्थिरांक काढले, त्याच किमती ठेवून ताळा पाहिला तर चूक कधीच सापडत नाही.

म्हणून ताळ्यासाठी छेदाला शून्य न करणारी किंमत घ्यावी; x = 0 बहुधा सोपी पडते. वर्ग असलेल्या उदाहरणात मूळ अपूर्णांकाची किंमत −1/2 येते आणि तिन्ही पदांची बेरीज −1/3 + 1/3 − 1/2, म्हणजे तेवढीच येते. B गाळला असता बेरीज −5/6 झाली असती. वर्ग नसलेल्या उदाहरणात मूळ किंमत −1 असताना बेरीज −2 येते, आणि हा 1 चा फरक म्हणजे राहून गेलेला भागाकार होय. तो धरला की बरोबर उत्तर x + log|x − 1| − 2 log|x + 2| + c असे मिळते. वर्गात हा ताळा फळ्यावर प्रत्येक वेळी करून दाखवला जावा, असे या मासिकाचे ठाम मत आहे. संकलन पूर्ण करून पुन्हा विकलन करण्यापेक्षा त्याला फार कमी वेळ लागतो.

तथापि या ताळ्याला एक मर्यादा आहे. जे उदाहरण वाचले त्याची फोड बरोबर झाली की नाही, एवढेच तो सांगतो. छायाचित्र बरोबर वाचले की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी पुस्तकातील उत्तर किंवा बहुपर्यायी प्रश्नाचे पर्याय त्याच छायाचित्रात आले असतील तर ते आधी पाहावेत. अशा उदाहरणाच्या उत्तरात 2/(x + 2) सारखे लॉग नसलेले, छेदात अवयव असलेले पद दिसले, तर छेदातील अवयव पुनरावृत्त आहे. नुसता x सुटा दिसला, तर अंशाची कोटी छेदाच्या कोटीएवढी आहे. आणि tan⁻¹ दिसल्यास छेदात x² + 1 सारखा, वास्तव अवयव न पडणारा भाग असण्याची दाट शक्यता आहे, मग छायाचित्रात त्यातील अधिक चिन्ह वजा भासले तरी. उत्तर सोबत नसेल, तर अंदाजाने सोडवायला न घेता विद्यार्थ्याकडून केवळ छेदाची ओळ टंकित करून मागवावी, म्हणजे (x-1)(x+2)^2 अशी; घातांक ^ या खुणेने ओळीतच आल्यामुळे तो नजरेतून सुटत नाही.