तव्याच्या तळाशी उरलेली चव

प्रभादेवीत संध्याकाळी पावभाजीच्या गाडीपाशी क्षणभर थांबले, तर एक कृती सहज दृष्टीस पडते. भाजी परतता परतता तव्याच्या मध्यभागी ती किंचित चिकटू लागते. गाडीवाला तेथे पाण्याचा एक शिपका मारतो, चर्रर्र आवाज होऊन वाफ उठते आणि तो उलथन्याने तळ खरवडून सारे भाजीत मिसळून टाकतो. पाश्चात्त्य पाकशास्त्रात या कृतीला ‘डीग्लेझ’ करणे म्हणतात. तळाला धरलेल्या तपकिरी थराला इंग्रजी पाककृतींत ‘फाँ’, म्हणजे पाया, या फ्रेंच शब्दाने संबोधतात. दूध आटवताना तळाशी धरणारी खरवड आपल्या परिचयाची आहे. ही तिचीच भाजीतील बहीण होय.

या थरात चव येते कोठून? भाजीतील प्रथिनांचे घटक आणि साखर तीव्र उष्णतेत एकत्र आले, की त्यांपासून तपकिरी रंगाचे व खमंग वासाचे असंख्य नवे पदार्थ तयार होतात. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले. स्वयंपाकघरात ही क्रिया साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढे वेग घेते. पाणी मात्र 100 अंशांवरच उकळते. म्हणून भाजीत पाणी आहे तोवर ती शिजते, पण खरपूस होत नाही. पाणी आटून तळाशी पातळ कोरडा थर धरला, की मगच तो तपकिरी होऊ लागतो. त्यावर पाणी पडताच थरातील बराच भाग विरघळतो आणि उरलेला सुटून रश्शात मिसळतो.

जैन स्वयंपाकात या कृतीचे मोल अधिक आहे. इतरत्र पावभाजीला खोली येते ती परतलेल्या कांद्या-लसणामुळे. ते वगळून बटाट्याऐवजी कच्चे केळे घातले, की घरची भाजी पुष्कळदा सपक लागते आणि ती उणीव मसाला वाढवून झाकली जाते. खरे तर तेथे उणीव असते ती खरपूसपणाची.

चार माणसांसाठी तीन कच्ची केळी, वाटीभर मटार आणि थोडा दुधी उकडून घोटून घ्यावा. जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत दोन मोठे चमचे लोणी तापवून त्यात बारीक चिरलेली ढोबळी मिरची परतावी. मग चार टोमॅटोंचा रस घालून तो पाणी आटून तेल सुटेपर्यंत शिजवावा. टोमॅटोतील साखर आणि मटारातील प्रथिने यांची येथे गाठ पडते. आता घोटलेली भाजी पसरावी आणि मध्यम आचेवर दोन मिनिटे तिला हात लावू नये. सतत ढवळल्यास थर धरतच नाही. तळाशी बदामी रंग दिसला आणि भाजल्याचा वास आला, की पाव वाटी गरम पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडावा. पाणी आटले की हेच आणखी दोनदा करावे. तिखट व पावभाजी मसाला पहिल्या खरवडीनंतर घालावा, अन्यथा तो करपतो. प्रत्येक वेळी पाणी आटून चव दाट होत असल्याने मिठाचा अंदाज शेवटी घ्यावा.

खरपूस आणि करपलेले यांतील सीमारेषा बारीक आहे. थर बदामी ते गडद तपकिरी असेल तोवर तो उपयोगाचा. तो काळा पडून नाकाला झोंबणारा वास आला, तर पाणी मुळीच घालू नये, कारण कडूपणा साऱ्या भाजीत उतरतो. अशा वेळी तळाला धक्का न लावता वरची भाजी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी.

भांड्याचाही येथे विचार करावा लागतो. नॉनस्टिक भांड्यात थर नीट धरत नाही, म्हणून ते या कामी निरुपयोगी ठरते. लोखंडी तव्यात थर उत्तम धरतो, परंतु टोमॅटो वा चिंचेचा कोळ त्यात फार वेळ राहिल्यास भाजी काळवंडते आणि तिला लोखंडाचा वास लागतो. तापलेल्या पातळ भांड्यात गार पाणी ओतल्यास त्याचे बूड वाकडे होते. म्हणून पाणी गरमच असावे.

पाश्चात्त्य पाककृतींत या ठिकाणी अनेकदा मद्य सांगितलेले असते. त्यावाचून काहीही अडत नाही. थर सोडवण्याचे काम मुख्यतः पाणीच करते. मद्याने येणारा आंबटपणा कोकमाच्या आगळाने किंवा टोमॅटोच्या रसाने साधतो. ताक मात्र उकळत्या कढईत फाटते, तेव्हा ते टाळावे.

हीच रीत पनीरच्या वा दुधीच्या रस्सा भाजीलाही लागू पडते. पनीरचे तुकडे परतून बाहेर काढले, की तळाला चिकटलेला तपकिरी थर घासण्यासाठी मोरीत जाण्याऐवजी अर्धी वाटी गरम पाण्याने सुटून रश्शात यावा. भांडे घासण्याचे श्रमही त्यामुळे निम्म्यावर येतात.