फाटकाबाहेरचा कारखाना

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक गावांत पहाट आता कारखान्याच्या बसबरोबर उगवते. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. सरळगाव, टोकावडे किंवा किन्हवलीकडून औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलीला कंपनीची बस वा ठेकेदाराची जीप हाच आधार. त्याच वाहनात चालकाची लगट किंवा सहकाऱ्याचे अंग रेलणे सुरू झाले, तर तिने दाद कोठे मागावी? व्यवस्थापक म्हणतो, ‘फाटकाबाहेरचे आम्हांला विचारू नका, ठेकेदाराला सांगा.’ ठेकेदार म्हणतो, ‘चालक बदलतो, विषय मिटवा.’ ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत. आपल्याला कायदा ठाऊक नाही, म्हणूनच ती खपतात.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 साली झाला. मालकाने पुरविलेले वाहन हेही कामाचे ठिकाणच, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ठेकेदारामार्फत नेमलेला माणूसही त्या कायद्याच्या दृष्टीने कर्मचारीच ठरतो. म्हणजे बसची पायरी चढताच ती मुलगी कारखान्यात पोहोचली, आणि मालकाची जबाबदारीही तेथेच सुरू झाली.

या जबाबदारीत कसूर झाली तर काय घडते, हे पुण्याने 2007 च्या नोव्हेंबरात पाहिले. रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीला घेण्यास कंपनीने ठरविलेली गाडी आली. चालकाबरोबर त्याचा एक मित्र बसला होता. नेहमीचा रस्ता सोडून गाडी निर्जन भागात गेली. पुढे ज्याला घ्यायचे होते तो सहकारी वाट पाहत राहिला. त्याला उशिराचे कारण पंक्चर असे सांगण्यात आले. तोवर त्या तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. दोघांना झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कायम केली. पुढे शिक्षेच्या अंमलबजावणीस झालेल्या विलंबामुळे 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तिचे 35 वर्षांच्या कारावासात रूपांतर केले. आम्ही येथे शिक्षेचा वाद घालत नाही. गाडीत परका माणूस असणे आणि मार्ग बदलणे, या दोन खुणा गुन्ह्याच्या आधीच दिसत होत्या, एवढेच आम्ही दाखवितो. अशा खुणांची तक्रार करणाऱ्या मुलीला ‘उगाच बाऊ करते’ म्हणून कोणी गप्प करू नये.

समजा, दुसऱ्या पाळीहून परतताना चालक एका मुलीला रोज मुद्दाम शेवटी उतरवतो आणि अश्लील बोलतो. तिने त्याच रात्री तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, उतरण्याचा क्रम आणि सोबतच्या प्रवाशांची नावे लिहून ठेवावीत. मग कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे ही समिती सक्तीची आहे. त्याहून लहान जागी किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असल्यास ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत तीन महिन्यांची असते, आणि प्रकार वारंवार घडला असेल तर ती शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती व साक्षीदारांची नावे द्यावीत, पोच घ्यावी. बसमधील कॅमेऱ्याचे चित्रण आणि गाडीच्या मार्गाची नोंद जपून ठेवा, असे त्याच कागदात मागावे, कारण हे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते.

ठेकेदारालाही कळवावे, पण त्याच्या पत्रात गाडी, फेरी आणि दिवस एवढेच असावे. तक्रारदाराचे नाव व तक्रारीचा तपशील गुप्त ठेवणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. ते गाडीतळावर चघळले जाऊ नयेत. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. तोवर आरोपीला दुसरीकडे हलवावे, अशी लेखी मागणी मुलगी करू शकते. मुलीची इच्छा असेल तर पोलिसांत जाण्यास मदत करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि बस कोणाच्याही हद्दीत असो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे.

‘चालक बदलतो’ हे उत्तर आम्हांला सर्वांत घातक वाटते. चौकशीशिवाय हलविलेला तो माणूस उद्या दुसऱ्या कारखान्याच्या बसवर असतो, दुसऱ्या कोणाच्या मुलीला शेवटी उतरवीत असतो. ‘मिटवलेला’ विषय केवळ बस बदलतो.

आणि आपण काय करतो? मुलीला म्हणतो, ‘नोकरी सोड.’ पगार तिचा जातो, बदनामी तिच्या वाट्याला येते आणि चालकाची फेरी चुकत नाही. पालकहो, ती अबोल होऊन घरी येईल त्या रात्री ‘तू काय केलेस?’ असे विचारू नका. गाडीचा क्रमांक विचारा आणि कागद पुढे ठेवा.