दीड रुपया महाग, दोन रुपये स्वस्त

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचत गटाच्या बैठकीला बसायचा योग आला. सीआरपी ताईंनी त्या दिवशी व्याजाचा विषय लावला होता. कारणही तसंच घडलं होतं. गटातल्या दोघीजणींनी बाहेरून कर्ज उचललं होतं आणि त्यांचं म्हणणं एकच, "गट दोन रुपये शेकडा घेतो, बाहेर दीडच रुपया पडतो. मग गटाचं कशाला घ्यायचं?"

ताईंनी फळा आणलाच नव्हता. मूठभर हरभरे सतरंजीवर टाकले. दहा दाणे म्हणजे दहा हजारांचं कर्ज, मुदत दहा महिने. पहिल्या महिन्यात दहाही दाणे कर्जदार बाईपाशी, म्हणून व्याज दोनशे. मग एक दाणा उचलला, हजार रुपये फिटले. आता उरले नऊ, व्याज एकशे ऐंशी. पुढच्या महिन्यात आठ दाणे, एकशे साठ. असं करत शेवटच्या दाण्यावर वीस रुपये. बायकांनी बेरीज केली, अकराशे आले.

"आता बाहेरचं," ताई म्हणाल्या. तिथंही दर महिन्याला हजार रुपये मुद्दल जातं, पण व्याज पूर्ण दहा दाण्यांवरच धरतात. महिन्याला दीडशे, दहा महिन्यांचे पंधराशे. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे एकच दाणा उरलेला असतो आणि व्याज मात्र दहांचं चालू असतं. फेडून टाकलेल्या पैशाचंही भाडं भरायचं, असा हा प्रकार. याला फ्लॅट व्याज म्हणतात. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर हा दीड रुपया अडीचच्या वर जातो.

बाहेरून कर्ज घेतलेल्या दोघींतल्या एकीने मग कबूल केलं की हातात दहा हजार आलेच नव्हते. फाईलचे म्हणून चारशे आधीच कापून घेतले होते. म्हणजे मिळाले नऊ हजार सहाशे आणि फेडायचे साडेअकरा हजार. शिल्लक मुद्दलावर पाहिलं तर दर जवळजवळ साडेतीन रुपयांवर गेला. ती बराच वेळ त्या दाण्यांकडे बघत होती.

ओळखायचं कसं? हप्ता दर महिन्याला सारखाच आहे म्हणून व्याज फ्लॅट आहे असं होत नाही, बँकेचा हप्ताही सारखाच असतो. हप्त्यांचा तक्ता मागायचा आणि त्यातला व्याजाचा रकाना वरून खाली वाचायचा. आकडा घटत गेला तर ठीक, शेवटपर्यंत तोच राहिला तर फ्लॅट. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्स कर्ज देणाऱ्या बँका आणि कंपन्यांनी सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायलाच हवं. मुदतीआधी पैसे फेडले तर दंड लावता येत नाही. गावातल्या सावकाराला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथं तो रकानाही नसतो, नुसती वही असते आणि तीही त्याच्याकडेच.

मग बायका बाहेर का जातात? मला यात त्यांचा भोळेपणा दिसत नाही. हा गट अकरा जणींचा, महिन्याची बचत शंभर. दोन वर्षांत सव्वीस हजार चारशे जमतात, वर थोडं व्याज. जूनमध्ये बियाणं, शाळेची फी आणि कुणाचा दवाखाना एकदम आला की तिसऱ्या बाईची पाळी येईपर्यंत पेटी रिकामी. गटाचं कर्ज स्वस्त आहे हे खरं, पण हवं तेव्हा ते असतंच असं नाही. बँकेचं कर्ज जोडून घेतलं तर ही ओढाताण कमी होते. त्यासाठी बैठका, बचत, परतफेड आणि वह्या नियमित लागतात, आणि या गटाची रोजकीर्द चार महिने मागे होती. ताईंनी त्यावर चांगलंच सुनावलं.

शेवटी एका आजींनी अवघड प्रश्न टाकला. "दोन रुपये तरी का घेता? आपल्याच बायका ना?" ताईंनी पुन्हा तेच अकराशे पुढं केले. हे व्याज गटातच राहतं, अकरा जणींत वाटलं तर प्रत्येकीचे शंभर, कर्ज घेणारीचेही. तिला कर्ज खरं तर हजारालाच पडलं. आजींना ते पटलं नाही. जी कधीच कर्ज काढत नाही तिलाही शंभर, आणि ते भरणार कोण, तर जिची अडचण आहे ती. मला आजींचं म्हणणं बरोबर वाटलं. बऱ्याच गटांत दर चढा ठेवायचा आग्रह कर्ज न घेणाऱ्याच धरतात.

अर्धा तास वाद चालला. अखेर इतिवृत्तात ठराव लिहिला गेला: दवाखान्याच्या कर्जाला एक रुपया, बाकीला दोनच. दोघींनी सही करायला नकार दिला. त्यातल्या एकीवर बाहेरचं कर्ज होतं.