न्यूयॉर्क ते जालना: आधी सावली, मग ऊन

उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून जालन्याला येणाऱ्याचं घड्याळ साडेनऊ तास पुढे सरकतं, पण शरीर मागेच राहतं. तिकडे पहाटे साडेचारच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं; तेव्हा इथे दुपारचे दोन वाजलेले असतात. त्याआधीचं ऊन शरीराचं घड्याळ मागे ढकलतं, नंतरचं पुढे ओढतं. म्हणून मुंबईत उतरल्यावर सकाळ पडदे ओढून काढावी आणि दुपारच्या वंदे भारतमध्ये खिडकीशी बसावं. ‘सकाळीच उन्हात फिरा’ हा सल्ला पहिल्या दिवशी उलटा पडतो. ऊन रोज तासभर अलीकडे आणावं. मुक्काम चारच दिवसांचा असेल, तर? शरीराचं घड्याळ सरकवत बसू नका; साखरपुड्यासारखा कार्यक्रमच संध्याकाळी सहाला ठेवा. पाहुण्याच्या शरीरात तेव्हा सकाळचे साडेआठ असतात.