आधी विझवा, मग आकडा बदला

चार आकड्यांचा सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले लावून टोकन दाखवणारी पाटी, शाळेच्या घंटेचं घड्याळ किंवा टाकीची पातळी सांगणारी पेटी करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. आकडे उजळले की काम झालं, असं समजू नका. आकडा नीट दिसतो आहे, शेजारच्या आकड्याच्या घरात त्याची पुसट सावली पडत नाही आणि कुठलाच भाग मर्यादेपलीकडचा करंट सोसत नाही, हे तिन्ही तपासूनच पेटीला झाकण लावा. अर्डुइनो ऊनो आणि कॉमन कॅथोडचा लाल डिस्प्ले ही नेहमीची जोडी घेऊन हे कसं करायचं ते सांगतो.

या डिस्प्लेत चारही घरांचे सेगमेंट एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक घराचा कॅथोड मात्र वेगळा असतो. म्हणून एका वेळी एकच घर पेटवायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. हे फिरणं पुरेसं वेगाने झालं की डोळ्याला चारही आकडे एकदम पेटलेले दिसतात. याचाच दुसरा अर्थ असा, की प्रत्येक घर फक्त पाव वेळ पेटलेलं असतं.

आधी करंट पाहू. लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात. ऊनोची पिन आणि खालचा ट्रान्झिस्टर मिळून आणखी सुमारे 0.4 व्होल्ट खातात. 5 व्होल्टमधून रेझिस्टरच्या वाट्याला उरतात 2.6 व्होल्ट. 270 ओहमचा रेझिस्टर लावला तर 2.6 ÷ 270, म्हणजे सुमारे 9.6 मिलिअँपिअर करंट वाहतो. पाव वेळेच्या हिशोबाने सरासरी 2.4 मिलिअँपिअर येते. हल्लीच्या चांगल्या लाल डिस्प्लेला खोलीत वाचण्यासाठी एवढी पुरते.

हा रेझिस्टर प्रत्येक सेगमेंटच्या तारेत हवा: सात सेगमेंटना सात आणि बिंदूला आठवा. चार घरांच्या चार कॅथोडमध्ये चारच रेझिस्टर लावून पैसे वाचवू नका. तसं केलं की एकाच रेझिस्टरचा करंट पेटलेल्या सेगमेंटमध्ये वाटला जातो. मग दोन सेगमेंटचा ‘1’ लख्ख दिसतो आणि सात सेगमेंटचा ‘8’ मंद. आकड्यागणिक उजेड बदलत असेल, तर दोष इथेच शोधा.

घराचा कॅथोड थेट ऊनोच्या पिनला जोडू नका. बिंदूसह ‘8’ पेटला की आठ सेगमेंटचा मिळून जवळजवळ 77 मिलिअँपिअर करंट त्या एका तारेतून जातो, आणि ऊनोच्या पिनची कमाल मर्यादा 40 आहे. म्हणून प्रत्येक कॅथोडखाली एनपीएन ट्रान्झिस्टर लावा. बीसी 547 ची मर्यादा 100 मिलिअँपिअर असल्याने तो चालतो, पण काठावर. बीसी 337 घेतला तर भरपूर मोकळीक मिळते. बेसला 1 किलोओहम लावा आणि बेसपासून ग्राउंडला 10 किलोओहम, म्हणजे ऊनो रीसेट होत असताना घरं आपोआप बंद राहतील.

उजेड वाढवायला रेझिस्टर उतरवण्याचा मोह होईल. पाव वेळच पेटतो, मग चौपट करंट द्यायला काय हरकत आहे, असा युक्तिवादही ऐकू येतो. पण प्रोग्राम अडकून फिरणं थांबलं, तर एकच घर त्याच चौपट करंटवर पेटत राहतं आणि जळतं. म्हणून क्षणाचा करंटसुद्धा डिस्प्लेच्या सततच्या मर्यादेतच ठेवा. छोट्या लाल डिस्प्लेसाठी ती बहुधा 20 मिलिअँपिअरच्या आसपास असते, तरी तुमच्या डिस्प्लेच्या डेटाशीटमध्ये पाहून घ्या.

आता वेग. प्रत्येक घराला 5 मिलिसेकंद दिले तर पूर्ण फेरी 20 मिलिसेकंदांची होते, म्हणजे सेकंदाला 50 फेऱ्या. समोरून कदाचित बरं दिसेल, पण नजर फिरवली किंवा कडेने पाहिलं की लुकलुक जाणवते. 2 मिलिसेकंद दिले तर सेकंदाला 125 फेऱ्या होतात आणि ही तक्रार मिटते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसले म्हणून घाबरू नका. निवाडा डोळ्याने करा.

हे फिरवणं loop() मध्ये delay() घालून करू नका. सेन्सर वाचायला थोडा वेळ लागला की एक घर जास्त वेळ पेटून चमकतं. टायमरच्या इंटरप्टवर सोपवा. ऊनोच्या 16 मेगाहर्ट्झला 128 ने भागून टायमर 2 ला 250 पर्यंत मोजू दिलं, की बरोबर 2 मिलिसेकंद होतात:

```c
// setup() मध्ये
DDRD = 0xFF;
DDRB |= 0x0F;
TCCR2A = _BV(WGM21);
TCCR2B = _BV(CS22) | _BV(CS20);
OCR2A = 249;
TIMSK2 = _BV(OCIE2A);
```

सेगमेंट 0 ते 7 या पिनांवर आणि घरं 8 ते 11 वर जोडली आहेत. त्यामुळे Serial वापरता येणार नाही. tone() हाच टायमर वापरतो, म्हणून बझरसाठी दुसरी सोय करावी लागेल.

राहिलं घोस्टिंग, म्हणजे शेजारच्या घरात पडणारी ती पुसट सावली. त्याचं मूळ जवळजवळ नेहमी क्रमात असतं. पहिलं घर पेटलेलं असतानाच सेगमेंटवर दुसऱ्याचा आकडा आला, तर तो क्षणभर पहिल्यात दिसतो. उलट, आधी घर बदललं आणि आकडा मागून आला, तर जुना आकडा नव्या घरात दिसतो. हा क्षण मायक्रोसेकंदांचा असला तरी सेकंदाला 125 वेळा येतो, म्हणून डोळा तो टिपतो. शिवाय पूर्ण पेटलेला ट्रान्झिस्टर हुकूम मिळताच बंद होत नाही, त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. म्हणून क्रम असाच ठेवा: घर विझवा, थोडं थांबा, आकडा बदला, मग पुढचं घर पेटवा.

```c
volatile uint8_t akde[4];

ISR(TIMER2_COMPA_vect) {
  static uint8_t d = 0;
  PORTB &= 0xF0;           // सगळी घरं बंद
  delayMicroseconds(20);
  d = (d + 1) & 3;
  PORTD = akde[d];         // नवा आकडा
  PORTB |= (1 << d);       // पुढचं घर चालू
}
```

2000 पैकी 20 मायक्रोसेकंद अंधार, म्हणजे उजेडात एक टक्का घट. ती दिसतही नाही.

तपासायला एक सोपी चाचणी आहे. फक्त दुसऱ्या घरात ‘8’ दाखवा, बाकी तिन्ही कोरी ठेवा आणि खोलीतला दिवा बंद करा. सावली तिसऱ्या घरात असेल, तर आकडा बदलण्याआधीच घर बदलतं आहे. सावली पहिल्या घरात असेल, तर पहिलं घर विझायच्या आत आकडा येतो आहे. क्रम बरोबर असूनही तसं दिसलं, तर ट्रान्झिस्टर हळू आहे. 20 चे 50 मायक्रोसेकंद करून पाहा.

ही सगळी मांडणी चार आकड्यांच्या छोट्या डिस्प्लेची आहे. आठ आकडे हवे असतील तर प्रत्येक घराच्या वाट्याला अष्टमांश वेळ येतो आणि उजेड निम्मा होतो. तिथे मॅक्स 7219 ही आयसी वापरा: फिरवणं आणि करंट आवरणं ती स्वतः करते. भिंतीवरच्या मोठ्या आकड्यांत एका सेगमेंटमध्ये अनेक एलईडी ओळीने जोडलेले असतात. त्यांना 5 व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून वरचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका.

जे वर्गात हे शिकवतात त्यांना वेगळं सांगणं आहे. विद्यार्थ्याचा डिस्प्ले तपासताना फक्त ‘1234’ दाखवून घेऊ नका. आधी ‘1.8.1.8.’ दाखवायला सांगा, म्हणजे रेझिस्टर कुठे लावलेत ते कळेल. मग अंधारात एकटा ‘8’. दोन्ही जमलं तरच वहीवर सही करा.