शब्द बदलला की योजनाच बदलते

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान उत्पादकांचे अर्ज लिहून देताना एक प्रश्न हमखास येतो. ‘किसान’ हा शब्द हिंदी वाटतो, मग त्याजागी ‘शेतकरी’ लिहायचं का? माझं उत्तर ठाम नकाराचं असतं.

केंद्राची योजना आहे ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’. राज्याने २०२३ मध्ये सुरू केली ती ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’. दोन्हींत वर्षाला सहा हजार रुपये, तेही दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. शिवाय राज्याच्या २०१७ च्या कर्जमाफीचं नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’. आता अर्जात ‘शेतकरी सन्मान निधीचे दोन हजार जमा झाले नाहीत’ एवढंच लिहिलं, तर टेबलावरच्या कर्मचाऱ्याने कोणता हप्ता शोधायचा? रक्कम सारखीच असल्याने नुसत्या आकड्यावरूनही ते कळत नाही. हा फरक पुढेही कामाचा आहे. राज्याचा हप्ता केंद्राच्या योजनेतल्या पात्र लाभार्थ्यांनाच मिळतो. त्यामुळे केंद्राच्या योजनेची ई-केवायसी अडली तर दोन्ही पैसे थांबू शकतात. एकच थांबला असेल तर चौकशीची दिशा वेगळी.

म्हणून योजनेचं नाव शासन निर्णयात जसं असेल तसंच उतरवावं. भाषांतर नको, पण लेखन मराठी वळणाचं हवं: हिंदीतलं ‘सम्मान निधि’ आपल्याकडे ‘सन्मान निधी’ होतं. पोर्टलवरचं PM-KISAN नाव रोमन लिपीतच ठेवावं, कारण शोधणाऱ्याला पडद्यावर तेच दिसणार आहे. ‘ई-केवायसी’ला मात्र मराठी पर्याय घडवत बसू नये. सेतू केंद्रात हाच शब्द चालतो, तो देवनागरीत लिहिला की पुरे.

पदांचं गणित उलटं आहे. पदनाम हे विशेषनाम नाही, त्याला राज्याने ठरवलेला मराठी प्रतिशब्द असतो आणि अर्जात तोच वापरायचा. ‘बीडीओ’ म्हणजे गट विकास अधिकारी. आपल्याकडे बोलताना आणि कधी बातमीतही ‘खंडविकास अधिकारी’ येतं. १९५६ पर्यंत हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि बालाघाट आजही शेजारी आहे, त्यामुळे ते कानाला परकं वाटत नाही. पण पंचायत समितीच्या शिक्क्यावर ‘गट विकास अधिकारी’ असतं, म्हणून अर्जाच्या मायन्यातही तेच हवं. खात्री नसेल तर त्या कार्यालयाचं अलीकडचं पत्र काढून सहीखालचं पदनाम पाहावं. जुन्या अर्जावरून उतरवू नये, कारण पदनामं बदलतात.

मग अर्जाची सुरुवात अशी उतरते: ‘मा. तालुका कृषी अधिकारी, प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (PM-KISAN) योजनेचा हप्ता माझ्या खात्यात जमा झालेला नाही. नमो शेतकरी महासन्मान निधीचा हप्ता मिळाला आहे.’ एवढं वाचलं की कुठे शोधायचं, हे समोरच्याला कळतं.