पीएम किसान : मोठा भाऊ टॅक्स भरतो, मग धाकट्याचा अर्ज बाद होतो का?

'पीएम किसान'च्या अपात्रतेच्या यादीत 'कुटुंबातील कोणी गेल्या कर निर्धारण वर्षात आयकर भरला असल्यास' ही ओळ वाचून अनेक जण अर्जच करत नाहीत. पण आधी पाहायचा तो 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. बस्स.

एक उदाहरण घेऊ. दोन भाऊ एकाच घरात राहतात. मोठा बँकेत आहे, आयकर भरतो. धाकटा शेती करतो. वडील २०२१ मध्ये वारले आणि दोन एकर धाकट्याच्या नावावर आले. मोठ्याचा टॅक्स इथे मोजला जात नाही, कारण योजनेच्या हिशेबात तो वेगळं कुटुंब आहे. धाकट्याच्या पत्नीने टॅक्स भरला असता, तर मात्र अर्ज बाद. तिने कर्जासाठी फक्त शून्य कराचं रिटर्न भरलंय. रिटर्न भरणं म्हणजे कर भरणं नव्हे.

खरी अडचण तारखेची. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर हवी, आणि इथे ती २०२१ ची. पण मालकाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेल्या जमिनीला सूट आहे. म्हणून धाकटा पात्र ठरतो. सातबाऱ्यावर फक्त नाव दिसतं, त्यामुळे अर्जासोबत वारस नोंदीचा फेरफार जोडा. हीच जमीन वडिलांनी हयातीत २०२१ मध्ये बक्षीसपत्राने दिली असती, तर ही सूट मिळाली नसती.